क्लेम कॅम्पच्या स्वागताच्या भाषणात नेमकं काय बोलू?

"सर नमस्कार, मी एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या तालुक्याच्या शाखेची प्रमुख आहे, जूनमध्येच बदली होऊन आले, मूळची साताऱ्याकडची. वैनगंगेच्या पुरात आमच्याकडची बरीच गावं पाण्यात होती. येत्या बुधवारी झेडपीच्या शाळेत क्लेम सेटलमेंट कॅम्प आहे आणि स्वागताचं छोटं भाषण मला करायचंय. रिजनल ऑफिसने दोन पानांचं भाषण पाठवलंय, त्यात कंपनीची गौरवशाली परंपरा वगैरे आहे, ते वाचायची मला लाज वाटतेय कारण लोक चिडलेले आहेत, परवा एक काकू ऑफिसात येऊन रडून गेल्या. किती बोलू, काय बोलू, काय टाळू? आणि मला इकडची बोली येत नाही त्याचं काय करू?
– शाखाप्रमुख, भंडारा जिल्हा"

मॅडम, नमस्कार. ती दोन पानं ड्रॉवरमध्येच राहू द्या, रिजनल ऑफिसला लागलीच तर रिपोर्टसोबत फाईलला लावून द्या. तुम्ही चार मिनिटं बोला, लांबलं तर पाच. भाषण संपून लोक उठले की प्रत्येकाला आपण कोणत्या टेबलाकडे जायचं, तिथं आज काय होणार आणि काय होणार नाही, एवढं कळलेलं पाहिजे. बाकी स्वागत, परंपरा, आभार यातलं काहीही राहिलं तरी कोणाचं अडत नाही.

पहिलं म्हणजे समोर सगळे तुमचेच पॉलिसीवाले असतील असं धरून चालू नका. ऑटोवर भोंगा फिरतो "पूरग्रस्तांसाठी विमा कॅम्प" म्हणून, आणि मग ज्याचं ज्याचं काही गेलंय तो प्रत्येक जण येतो. ज्याचा धान बुडाला तो येतो, ज्याची भिंत पडली तो येतो, पटवाऱ्याच्या यादीत नाव आलं नाही तोही येतो आणि हातात आधार, सातबारा, भिजलेलं पासबुक असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन बसतो. या माणसाला तुमच्याकडून एक पैसाही मिळणार नसेल तर ते त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळू द्या. दोन तास लायनीत उभा राहून टेबलावर कळलं की मग आवाज चढतो, आणि त्याचा आवाज चढला की ज्यांचे क्लेम खरंच होणार आहेत तेही बिथरतात.

सगळ्यात मोठा घोळ पंचनाम्याचा असतो. पटवारी आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करून गेले ना, मग झाला आपला क्लेम, असं कितीतरी लोकांना मनापासून वाटतं. पंचनामा होतो सरकारी मदतीसाठी, ती ठरलेल्या दराने मिळते आणि त्याचा विम्याशी संबंध नाही. विम्याचा क्लेम तुमच्याकडे वेगळा नोंदवावा लागतो आणि हे न कळल्यामुळे पॉलिसी असूनही आठ-आठ दिवस गप्प बसलेली माणसं प्रत्येक कॅम्पात सापडतात. याच्या उलट एक भीतीही असते, की विमा आहे म्हणून सांगितलं तर सरकारी यादीतून नाव कटेल, म्हणून काही जण पॉलिसी लपवतात. ही दोन वाक्यं माईकवरूनच बोला, सरपंच आणि पटवारी समोर बसलेले असताना, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगणार नाही. पंचनाम्याची कॉपी असेल तर पुरावा म्हणून चांगलीच उपयोगी पडते, तेवढं सांगा.

पीक विम्याचंही तसंच. त्याची कंपनी जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी असते, टेंडरने ठरते, आणि ती तुमची नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही. तरी "तो आमचा विषय नाही" असं माईकवर तोडून टाकू नका. पीक विम्याची तक्रार 14447 वर होते, कृषी सहायकाला कॅम्पात बसायला बोलवा, आला तर त्याचं टेबल दाखवा, नाही आला तर नंबर मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून ठेवा. शाळेतच आहात, खडू-फळा फुकटचा आहे.

आता मोटरसायकलवाले. यांच्यावर भाषणात दोन वाक्यं घालवा, कारण संख्येने हेच जास्त असतात. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम 5 वर्षांचा निघतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ज्याला ओन डॅमेज म्हणतात तो, बहुतेक वेळा पहिल्या एकाच वर्षाचा असतो. शोरूमवाल्याने "पाच साल टेन्शन नाही" सांगितलेलं असतं, त्यामुळे तीन वर्षं जुनी गाडी गाळात बुडालेला पोरगा पूर्ण खात्रीने येतो आणि कागदावर निघतं फक्त थर्ड पार्टी, पुराचं काहीच नाही. यात त्याची चूक नाही, पण क्लेमही नाही. तुम्ही स्टेजवरून "थर्ड पार्टीवाल्यांनी थांबू नये" असं म्हटलं तर ते हाकलल्यासारखं होईल. त्यापेक्षा दारातच एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसवा, गाडी नंबर टाकून आधी बघून घेऊ द्या आणि भाषणात फक्त तेवढंच सांगा. आणि हो, ज्यांचा ओन डॅमेज आहे त्यांना सांगा की बुडालेली गाडी किक मारून बघू नका, मेकॅनिककडे ढकलत न्या. इंजिनात पाणी असताना चालू केली तर इंजिनचं नुकसान तुम्ही करून घेतलं म्हणून अडतं आणि नंतर हा वाद मिटता मिटत नाही. अर्थात तोवर निम्म्यांनी किक मारलेलीच असते.

आता "भरपाई" या शब्दाला जपायचं. रिजनलच्या पानात नक्की असेल "संपूर्ण नुकसानभरपाई देण्यास कंपनी कटिबद्ध आहे". हे वाक्य अजिबात बोलू नका. का ते एका दुकानाच्या हिशोबावर सांगतो.

समजा गावातलं किराणा दुकान आहे. बँकेकडून कर्ज घेतलंय, बँकेनेच विमा काढून दिलाय, पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, मालाची विमा रक्कम 5 लाख. पोळा आणि गणपती तोंडावर म्हणून दुकानदाराने माल भरलेला, पुराच्या दिवशी दुकानात 8 लाखांचा माल होता. पाणी कमरेपर्यंत आलं, खालच्या रॅकवरचा रवा, साखर, डाळी, पोती सगळं गेलं, वरचा माल वाचला. सर्व्हेअरने मोजून नुकसान काढलं 4 लाख. दुकानदाराचा हिशोब सरळ आहे: विमा 5 लाखांचा, गेले 4 लाख, म्हणजे 4 मिळणार. पण माल 8 चा आणि विमा 5 चा, म्हणजे त्याने आठातल्या पाचाचाच विमा घेतलाय, उरलेल्या तीनाचा धोका स्वतःकडे ठेवलाय असं पॉलिसी धरते. म्हणून 4 लाखांचे पाच अष्टमांश, म्हणजे अडीच लाख, आणि त्यातूनही ओल्या मालाचे काही आले असतील ते आणि पॉलिसीत लिहिलेली वजावट जाणार. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते. माल साडेपाच लाखांचा असता तर कमतरता नऊ-एक टक्क्यांची, मग हा कापाकापीचा नियम लागलाच नसता आणि 4 लाखांवरूनच पुढचा हिशोब झाला असता. पण 5 आणि 8 मध्ये माफीच्या पलीकडचं अंतर आहे.

हे सगळं भाषणात सांगायचं नाही, कृपा करून. स्टेजवरून गुणाकार-भागाकार कोणाला कळत नाही आणि "कंपनी कापणार" एवढंच डोक्यात राहतं. पण तुम्ही सकाळी माईकवर "संपूर्ण" म्हणालात आणि दुपारी सर्व्हेअर त्याच माणसाला अडीच लाख सांगतोय, तर तो म्हणणारच की मॅडम एक बोलल्या आणि यांनी दुसरंच केलं. म्हणून माईकवर "पॉलिसीप्रमाणे" म्हणा आणि लगेच पुढे म्हणा की रक्कम कशी निघाली ते टेबलावर कागदावर मांडून दाखवू, नाही समजलं तर परत विचारा. आणि हे वाक्य बोलायच्या आधी सर्व्हेअरला खरंच तसं करायला सांगून ठेवा, कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवा. घराच्या पॉलिसीला, म्हणजे भारत गृह रक्षाला, हा कापाकापीचा नियम लागत नाही. म्हणून घरवाल्याचं ऐकून दुकानवाला आणि दुकानवाल्याचं ऐकून घरवाला गोंधळतो, हेही टेबलावरच्या मुलांना सांगून ठेवा.

त्याच किराणावाल्याच्या आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या मात्र भाषणात यायलाच पाहिजेत. एक, पैसे कोणाच्या हातात. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर रक्कम आधी बँकेकडे, कर्ज खात्यात जाते. हे त्याला सेटलमेंटच्या दिवशी कळलं तर त्याला वाटतं कंपनी आणि बँकेने मिळून आपल्याला लुटलं. आधी कळलं तर तो निदान बँक मॅनेजरकडे जाऊन बोलू शकतो की मला दुकान परत उभं करायला लिमिट मोकळी ठेवा. मॅनेजर कॅम्पात असेल तर त्याच दिवशी बोलेल.

दुसरी, फेकलेला माल. तुमचा कॅम्प होईपर्यंत गावाने ओला माल बाहेर काढून फेकलेला असणार, वासाने राहवत नाही, ग्रामपंचायतही मागे लागते. लोकांना वाटतं माल नाही तर क्लेम नाही. तसं नसतं. सर्व्हेअर भिंतीवरची पाण्याची रेघ बघतो, गाळाचा तो पट्टा कुठपर्यंत आहे त्यावरून कोणता रॅक बुडाला ते कळतं, मग मोबाईलमधले फोटो, होलसेलरच्या बिलांच्या कॉप्या, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. बिलं वाहून गेली असली तरी गोंदिया-नागपूरच्या होलसेलरकडे दुसरी कॉपी असते, व्हॉट्सअपवरही मागवता येते. म्हणून भाषणात सांगा की भिंतीवरची रेघ सर्व्हे होईपर्यंत पुसू नका, चुना मारू नका. सणासाठी लोक पहिलं काम तेच करतात.

मग येतो खरा प्रश्न जो तुम्हाला कोणी ना कोणी उभं राहून विचारणारच: "मॅडमजी, पैसे कई भेटतीन?" याला "लवकरात लवकर" हे उत्तर देऊ नका, त्या उत्तराने लोकांचा संताप होतो आणि तो रास्त आहे. तुमच्याकडे ठोस उत्तर आहे. नियामकाने 2024 मध्ये घालून दिलेली मुदत अशी की क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, सर्व्हेअरने 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. हे तसंच सांगा. फक्त आधी तुमच्या ऑपरेटिंग ऑफिसला फोन करून खात्री करा की सर्व्हेअर पुरेसे आहेत, कारण पुरात एकेका सर्व्हेअरकडे ढिगाने फाईली असतात आणि तुम्ही बोललेली तारीख गावाच्या लक्षात राहते. ज्यांचं नुकसान मोठं आहे आणि जबाबदारी स्पष्ट आहे त्यांना सर्व्हेअरच्या शिफारशीवर काही रक्कम आधी देता येते, ऑन अकाउंट म्हणतात ती. तुमच्या वरच्यांनी आधीच होकार दिला असेल तरच माईकवर तिचं नाव काढा, नाहीतर मुळीच नको.

धरणाचा प्रश्नही येईल. तुमच्या भागात पूर म्हटलं की गोसेखुर्दचं नाव निघतंच, ऑगस्ट 2020 अखेरीस 33 च्या 33 दारं उघडली होती ते अजून कोणी विसरलेलं नाही. लोक म्हणतात हा पूर नाहीच, पाणी सोडलंय, मग विमा कंपनी देईल का? पॉलिसीत पूर आणि पाणी भरणं दोन्ही येतं, पाणी पावसाचं होतं की धरणाचं यावरून क्लेम अडत नाही. तेवढंच एका वाक्यात सांगा आणि कोणी दारं का उघडली, कोणाची चूक, या वादात पाय घालू नका, स्टेजवर पुढारी असले तर अजिबातच नको.

गावात कोणी दगावलं असेल तर भाषणात नाव घेऊन आकडे सांगू नका. त्या घरी कॅम्पच्या आधी स्वतः जाऊन या, पासबुक मागून बघा. मे अखेर-जूनच्या आसपास 20 रुपये आणि 436 रुपये कटल्याची नोंद असेल तर त्या दोन पंतप्रधान योजना आहेत, सुरक्षा आणि जीवन ज्योती, प्रत्येकी 2 लाख. पुरात बुडून मृत्यू झाला तर दोन्हीचा क्लेम होऊ शकतो आणि तो बँकेमार्फत करायचा असतो. घरच्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं की असं काही कटत होतं.

आता भाषण. मी असं बोललो असतो, तुम्ही तुमच्या तोंडात बसेल तसं बदला:

"नमस्कार. मी इथल्या शाखेची प्रमुख. मी जूनमध्येच आले, पूर तुम्ही भोगलाय, मी त्याबद्दल बोलत नाही. ज्या घरांनी माणूस गमावलाय त्यांच्याकडे आम्ही आधी जाऊन आलोय आणि ज्यांच्याकडे जायचं राहिलं असेल त्यांनी मला आत्ता सांगावं. आज सत्कार नाही, हार नाही, सरळ कामाचं बोलते.

सगळ्यात आधी, पटवारी साहेबांचा पंचनामा आणि विम्याचा क्लेम हे दोन वेगळे आहेत. पंचनामा झाला म्हणजे क्लेम झाला असं नाही, तो आमच्याकडे नोंदवावा लागतो. आणि विमा आहे म्हणून सरकारी मदत बंद होत नाही. पटवारी साहेब इथंच बसलेत, त्यांना विचारा.

इथं तीन टेबलं आहेत. एक नंबरवर ज्यांचा सर्व्हे होऊन गेलाय ते. त्यांचा हिशोब आज समजावून सांगू, कागद पूर्ण असतील तर सही घेऊ आणि पैसे खात्यात जातील, हातात नाही. दोन नंबरवर ज्यांनी अजून क्लेम कळवलाच नाही ते. उशीर झाला म्हणून परत जाऊ नका, आज नोंदवा. पॉलिसीचा कागद भिजला, वाहून गेला तरी चालेल, नाव किंवा गाडी नंबर सांगा, आम्ही शोधू. तीन नंबरवर ज्यांना आपला विमा आहे की नाही, कुठला आहे तेच माहीत नाही ते. पीक विमा, बँकेचा विमा, काहीही असो, आमचा नसेल तर कुठे जायचं ते लिहून देऊ. गाडीवाल्यांनी आधी दारातल्या मुलाला नंबर सांगून कोणता विमा आहे ते बघून घ्या.

पाणी पावसाचं की धरणाचं यावरून तुमचा क्लेम अडणार नाही. माल फेकला म्हणूनही अडणार नाही, फोटो दाखवा, होलसेलरकडून बिलं मागवा. भिंतीवरची पाण्याची रेघ मात्र सर्व्हे होईपर्यंत पुसू नका.

पैसे कधी? आज ज्यांनी क्लेम नोंदवला त्यांच्याकडे उद्यापर्यंत सर्व्हेअर नेमला जाईल, 15 दिवसांत त्यांचा रिपोर्ट आणि त्यानंतर 7 दिवसांत आमचा निर्णय. किती? पॉलिसीप्रमाणे. सगळ्यांना सगळं मिळेल असं मी सांगत नाही, कारण ते खरं नाही. पण रक्कम कशी निघाली ते कागदावर मांडून दाखवू आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही ते लिहून देऊ. दुकानावर बँकेचं कर्ज असेल तर रक्कम कर्ज खात्यात जाईल, ते आत्ताच लक्षात घ्या, बँकेचे साहेब तिथं बसलेत.

शेवटचं. हे सर्व्हेअर साहेब, यांची फी कंपनी देते. क्लेम पास करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, आमचा माणूस असो, एजंट असो, कोणीही, तर एक रुपया देऊ नका आणि मला फोन करा. माझा नंबर फळ्यावर लिहिलाय. चला, सुरू करू."

सावकाश बोललात तरी हे पाच मिनिटांच्या आतच होतं, घरी मोठ्याने वाचून बघा. "अजून कळवलाच नाही ते" म्हणताना थांबा आणि तो टेबल हाताने दाखवा, लोक मान वळवून बघतात तेव्हाच ते डोक्यात बसतं.

"नाही म्हणायचं असेल तर का नाही ते लिहून देऊ" हे वाक्य रिजनलवाले कापायला सांगतील, कापू नका. ते तसंही तुम्हाला करायचंच असतं आणि ज्याला लेखी मिळालं तो पुढे विमा लोकपालाकडे जाऊ शकतो, तोंडी मिळालं तर तो फक्त तुमच्या दारात येत राहतो. सहीचंही तसंच, सेटलमेंटच्या व्हाउचरवर सही केली म्हणजे जास्तीची मागणी करायचा हक्क संपला असं नसतं, कोणी टेबलावर विचारलं तर तुमच्या स्टाफने हे खरंखरं सांगावं. घाईघाईत "इथं सही करा" एवढंच म्हणणारा एखादा प्रत्येक ऑफिसात असतो, त्याला त्या दिवशी चहापाण्याची जबाबदारी द्या.

बोलीचं म्हणाल तर वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलायचा प्रयत्न करू नका. इकडची माणसं बाहेरच्याच्या तोंडची उसनी बोली ऐकून हसतात, तोंडावर नाही पण हसतात, आणि पुराच्या कॅम्पात ते बरं दिसत नाही. तुमची साधी मराठी सगळ्यांना कळते. फक्त ऑफिसची मराठी नको: "दावा निपटारा", "विमाधारक", "आपत्तीग्रस्त" असलं काही नको, लोक क्लेम, पॉलिसी, सर्व्हे हेच म्हणतात. तलाठी म्हणालात तरी समजेल पण इकडे पटवारी म्हणतात, तेवढं एक उचला. आणि तुमच्या शाखेतला जो शिपाई किंवा क्लार्क त्याच भागातला असेल त्याला तुमच्यानंतर एक मिनिट माईक द्या, टेबलांचं तेवढं तो त्याच्या बोलीत परत सांगेल. म्हाताऱ्या माणसांना ते जास्त पोचतं.

कोणी मध्येच उठून ओरडला तर भाषण पुढे रेटू नका. ओरडणाऱ्याचं बहुतेक वेळा खरं काहीतरी असतं, जुना क्लेम अडलेला असतो. "तुमचं नाव सांगा, भाषण झालं की पहिले तुम्ही माझ्याकडे" म्हणा, नाव खरंच लिहून घ्या सगळ्यांदेखत, आणि पुढे चालू करा. माईकवर त्याच्या केसचा खुलासा करायला लागलात की संपलं, मग तो कॅम्प तुमचा राहत नाही.

पाहुण्यांचं. आमदार साहेब येणार असतील तर त्यांना अडवता येत नाही, पण सरपंचांना आधी भेटून ठरवून घ्या की पाहुणे नंतर दोन शब्द बोलतील, टेबलं सुरू झाल्यावर. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय सगळं काढून टाका. रिजनलला चेक देतानाचा फोटो लागणारच, तर ज्यांचं पूर्ण सेटल झालंय अशा दोघा-तिघांना आधी विचारून घ्या आणि रक्कम माईकवर बोलू नका. गावात रक्कम कळली की संध्याकाळपर्यंत उधारीवाले आणि नातेवाईक दोन्ही दारात असतात. मोठा थर्माकोलचा चेक तर आणूच नका.

एक बारीक गोष्ट जी तुमच्या टेबल एकवर अडणार आहे ती आत्ताच सांगतो. तुमच्याकडे बऱ्याच लोकांची खाती ग्रामीण बँकेत आहेत आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झालीय. जुन्या पासबुकावर जुनंच नाव आणि जुनाच कोड छापलेला असतो. तो तसाच फॉर्मवर उतरवला आणि चालला नाही तर पेमेंट परत येईल, आणि तुम्ही "खात्यात जातील" म्हणून सांगितलेलं असेल. म्हणून बँकेच्या माणसाला आदल्या दिवशीच चालू कोडची यादी घेऊन यायला सांगा, टेबलावर चिकटवून ठेवा आणि प्रत्येक फॉर्म त्या यादीशी ताडून घ्या.

भाषण संपलं की स्टेजवर बसू नका. तुम्ही स्वतः तीन नंबरच्या टेबलावर बसा, कारण ज्यांना काहीच मिळणार नाही असे सगळ्यात जास्त तिथं येतात आणि त्यांना नाही म्हणायचं काम ज्युनिअर पोरांवर टाकलं की ती एकतर खोटी आशा लावतात नाहीतर तुटक बोलतात. परवाच्या त्या काकूंनाही निरोप पाठवून तिथंच बोलवा, त्यांची फाईल आधी काढून वाचून ठेवा.